चाळीस पॅनेल, एकच नट आणि हाताशी आठ फोटो

प्रश्न: लघुपटासाठी ४० पॅनेलचा स्टोरीबोर्ड करतोय. नायकाचे आठच फोटो आहेत, सगळे एकाच फोटोशूटचे. त्यांवर एसडीएक्सएल या चित्र काढणाऱ्या मॉडेलचा लोरा, म्हणजे एका चेहऱ्यापुरती छोटी जोड-फाइल, शिकवला. क्लोजअप बरे येतात, पण लाँग शॉटमध्ये भलताच माणूस दिसतो, आणि प्रत्येक पॅनेलमध्ये तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो. ट्रेनिंग अजून वाढवू का? कार्ड १२ जीबीचं आहे, फोर्ज वापरतो. पुण्यात राहतो, नटही इथलाच आहे.

उत्तर:

ट्रेनिंग वाढवू नका. वाढवलंत तर हसू आणखी घट्ट बसेल आणि लाँग शॉट आहे तिथेच राहील. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ वेगवेगळं आहे. हसू आलंय ते फोटोंमधून, आणि लाँग शॉटमधला परका माणूस आलाय तो चेहऱ्याला मिळालेल्या अपुऱ्या जागेमुळे. दोन्ही दुरुस्त होतात, मात्र एकाच उपायाने होत नाहीत.

मी बारा-तेरा वर्षं पेन्सिलने बोर्ड काढले, जाहिरातींचे आणि मराठी चित्रपटांचे. गेली तीन वर्षं बरंचसं काम तुमच्यासारखंच मशीनवर करतो. पुढे जे लिहितोय ते त्यातूनच आलंय. तुमच्या दिग्दर्शकाला बोर्ड कशासाठी हवाय, नट तासभर येऊ शकतो का आणि हातात किती दिवस आहेत, यावर काही गोष्टी बदलतील. त्या त्या ठिकाणी तसं सांगतो.

आधी एक काम करा. चाळीस पॅनेलची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा, चौकटीत नायकाचं डोकं किती मोठं आहे. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक बोर्डांत चेहरा खरोखर ओळखू यावा लागतो अशी पॅनेल निम्मीही नसतात. उरलेल्यांत तो पाठमोरा असतो, लांब असतो, अर्धा दाराआड असतो, नाहीतर फक्त त्याचे हात दिसतात. तिथे प्रेक्षक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतच नाही. केसांचा आकार, खांदे, शर्टाचा रंग, काखेतली पिशवी, उभं राहण्याची ढब यांवरून ओळखतो. पेन्सिलने काढताना आम्ही पहिल्या दिवशी पात्राचा एक कागद करायचो: पुढून, बाजूने, पाठमोरा, आणि शेजारी दोन-तीन खुणा. तो कागद आजही करा. तुमच्या नायकाला तीन खुणा द्या आणि त्या चाळीसही पॅनेलमध्ये पाळा. चेहऱ्यावरचा निम्मा भार तिथेच उतरतो.

आता फोटो. एकाच फोटोशूटचे आठ फोटो म्हणजे मॉडेलच्या दृष्टीने जेमतेम दीड फोटो. त्या आठांत प्रकाश तोच, पडदा तोच, कुर्ता बहुधा तोच आणि हसूही तेच. हा माणूस कोणता आणि हा प्रसंग कोणता, हे मॉडेलला वेगळं करता येत नाही. आठही फोटोंत जे सारखं आहे ते सगळं ‘हा माणूस’ म्हणून ते शिकतं. मग तुम्ही ‘रडतोय’ लिहा की ‘पाठमोरा चाललाय’ लिहा, त्याच्या लेखी या माणसाला दात दिसलेच पाहिजेत. त्यामुळे तुमच्या लोराने चूक शिकली असं मी म्हणणार नाही. जे समोर होतं तेच ते शिकलं.

नट पुण्यातलाच आहे म्हणता, तर त्याला एका सकाळी तासभर बोलवा. स्टुडिओ नको. मी साधारणपणे तीन जागा धरतो: घराची खिडकी, गच्ची आणि जिन्यातली ट्यूबलाइट. तीन शर्ट बरोबर आणायला सांगतो, त्यातला एक गडद आणि एक फिकट. मोबाइल चालतो, पण मुख्य लेन्सने हातभर अंतरावरून काढू नका. ती लेन्स रुंद असते. जवळून काढलं की नाक मोठं होतं आणि कान मागे जातात, आणि ते नाक मग सगळ्या पॅनेलभर फिरतं. दोन मीटर लांब उभे राहा आणि दुप्पट झूम घ्या. पोर्ट्रेट मोड आणि त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद ठेवा.

तीसेक फोटो काढा आणि त्यातले सोळा ठेवा. समोरून तीनापेक्षा जास्त नकोत. थोडा वळलेला चेहरा दोन्ही बाजूंनी, पूर्ण बाजूने दोन्हीकडून, मान खाली घातलेला, वर बघणारा, आणि मागून जिथे फक्त कान आणि गालाची कड दिसते असा एक. चार-पाच कमरेपर्यंत, तीन डोक्यापासून पायापर्यंत. आणि तोंड बंद ठेवून, हसू न आणता, कॅमेऱ्याकडे न बघता काढलेले फोटो निम्म्याहून जास्त असू द्या. नाटकवाल्याला कॅमेरा दिसला की चेहरा आपोआप ‘लागतो’. म्हणून मी त्याला संहितेतलं पान वाचायला देतो आणि वाचत असताना काढतो.

नट येऊच शकत नसेल, तर त्याला सांगा की खिडकीपाशी बसून मान एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सावकाश वळवतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर दाबला जातो आणि गालावर चौकटी उमटतात. त्यातून बाजूचे चार-पाच स्थिर फोटो मिळतात. ते काही ट्रेनिंगसाठी आदर्श नसतात, पण ज्या कोनाचा एकही फोटो नाही तो कोन मॉडेल मनाने रचतं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. तुमच्या आठांतले एकमेकांसारखे काढून टाका आणि तीनच ठेवा.

त्याच भेटीत त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या: या फोटोंवरून फक्त या लघुपटाच्या बोर्डसाठी चित्रं होतील, फोटो आणि लोराची फाइल बाहेर कुणाला दिली जाणार नाही, चित्रीकरण झाल्यावर ती पुसली जाईल. माणसाचा चेहरा त्याचा असतो, आणि ती फाइल ज्याच्या हाती जाईल तो त्या चेहऱ्याकडून काहीही करून घेऊ शकतो. मी या परवानगीशिवाय काम सुरू करत नाही.

हसू घालवण्याचा अर्धा उपाय फोटोंत आहे आणि उरलेला अर्धा त्यांच्या वर्णनांत. प्रत्येक फोटोसोबत त्याच नावाची `.txt` फाइल असते. तिचा नियम उलटा वाटतो, म्हणून सावकाश सांगतो. जे तुम्ही लिहिता ते माणसापासून सुटं राहतं आणि पुढे बदलता येतं. जे लिहीत नाही ते त्याच्या खुणेच्या शब्दाला चिकटतं. म्हणून हसू, नजर, कपडे, पार्श्वभूमी आणि प्रकाश लिहायचा. नाकाची ठेवण, कपाळ, मिशी लिहायची नाही, कारण ती चिकटायलाच हवी. तुमच्या जुन्या फोटोंपैकी एकाचं वर्णन असं होईल:

```
vkrm man, broad smile, looking at viewer, black kurta, grey studio backdrop, soft light
```

यात `vkrm` हा मी बनवलेला शब्द आहे, ज्याला मॉडेलकडे आधीचा काही अर्थ नाही. २०२२ मध्ये आलेल्या ड्रीमबूथच्या पद्धतीतूनच हा प्रघात पडला: एक अनोळखी शब्द आणि त्याच्या जोडीला प्रकार सांगणारा शब्द, इथे `man`. नेटवरच्या बऱ्याच धड्यांत खुणेला `sks` वापरलेलं दिसेल. ते टाळा. त्या नावाची एक रायफल आहे, आणि माझ्या एका बोर्डात नायकाच्या हातात कारण नसताना बंदुकीसारखं काहीतरी यायला लागलं होतं. मिशीबद्दल एक अपवाद: कथेत तो पूर्वार्धात मिशीवाला आणि उत्तरार्धात सफाचट असेल, तर मिशीही लिहा आणि दोन्ही तऱ्हेचे फोटो घ्या.

आकडे तुमच्या कार्डाला झेपतील असे आहेत. सोळा फोटो, प्रत्येकी दहा वेळा, आणि अशा दहा पूर्ण फेऱ्या, म्हणजेच दहा इपॉक. एका वेळी एक फोटो धरला तर ही १,६०० पावलं झाली. लोराची रँक १६, लर्निंग रेट `1e-4`, शब्द समजणारा भाग शिकवायचा नाही, ग्रेडियंट चेकपॉइंटिंग चालू आणि ऑप्टिमायझर आठ बिटचा. एवढ्यात १२ जीबीत बसतं. ट्रेनिंगला कोह्याची स्क्रिप्ट वापरत असाल तर `flip_aug` बंद आहे ना, ते नक्की बघा. ती सोय प्रत्येक फोटो आरशातल्यासारखा उलटवूनही शिकवते. खुर्ची-टेबलाला त्याने काही होत नाही, पण माणूस दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. मागच्या पावसाळ्यातल्या कामात माझ्याकडून ती चालू राहिली. नटाच्या डाव्या भुवईत लहानपणीची खोक होती आणि भांगही डावीकडे. पॅनेलमध्ये खोक कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि भांग चक्क मध्यभागी आला. दिवसभर मी वर्णनं तपासत होतो. चेहरा ‘जवळपास तोच, पण तो नाही’ असा वाटत असेल तर आधी भांग बघा.

दहाही इपॉक जपून ठेवा आणि मग निवडा. बहुतेक जण क्लोजअपमध्ये सर्वात हुबेहूब दिसणारा घेतात, आणि तो बहुधा शेवटचा असतो. बोर्डसाठी तो वाईट. मी प्रत्येक इपॉकला त्याच सीडवर, म्हणजे सुरुवातीच्या त्याच आकड्यावर, तीन गोष्टी करायला लावतो: रड, रेनकोट घाल, पाठमोरा जिना चढ. सुरुवातीचे इपॉक हे सगळं ऐकतात पण माणूस दुसराच असतो. शेवटचे इपॉक माणूस अचूक देतात, पण रेनकोटाच्या जागी काळा कुर्ता येतो आणि पाठमोरा असताना मान वळवून तो आपल्याकडे बघतो. मधे कुठेतरी असा एक इपॉक असतो, जो माणूस ओळखू येण्याइतपत देतो आणि सांगितलेलंही ऐकतो. मागच्या कामात तो सातवा होता. ऐकणारा शेवटचा इपॉक निवडा.

आता लाँग शॉट. एसडीएक्सएल पिक्सेलवर पिक्सेल ठेवत चित्र काढत नाही. ते एका लहान जाळीवर काढतं आणि शेवटी ती जाळी उलगडून चित्र होतं. जाळीतलं एक घर म्हणजे चित्रातले आठ बाय आठ पिक्सेल. तुमची आडवी चौकट १३४४ बाय ७६८ धरू. माणूस चौकटीच्या दोन-तृतीयांश उंचीचा असेल तर तो सुमारे ५०० पिक्सेल, आणि त्याचं डोकं त्याच्या सातव्या भागाइतकं, म्हणजे ७० पिक्सेल. जाळीत ती उंचीला नऊ घरं झाली. नऊ घरांत डोळे, नाक, मिशी, भुवईतली खोक आणि हनुवटी मावायची! लोराला माणूस कितीही चांगला ठाऊक असला तरी लिहायला जागाच नाही. म्हणून लाँग शॉटमध्ये परका माणूस येतो.

उपाय म्हणजे चौकट आणि चेहरा ही दोन वेगळी कामं समजा. आधी लोरा न लावता पूर्ण चौकट करा, नंतर फक्त डोक्याचा भाग मोठा करून त्यात लोरा लावा. मागच्या कामातलं एक पॅनेल पूर्ण सांगतो.

पॅनेल सतरा: रात्र, पाऊस, स्वारगेटचा स्टँड. नायक डावीकडे एसटीच्या शिडीपाशी उभा, नजर उजवीकडे चौकटीबाहेर, मागे प्रवासी. पहिलं काम कागदावर: पोस्टकार्डाएवढी चौकट आखून काळ्या पेनने दोन मिनिटांत रेखाटन. बस किती आत येते, माणूस कुठे, क्षितिज कुठे. रेखाटन बेढब असलं तरी चालतं, पण माणसाच्या डोक्याचा कल आणि नजरेची दिशा बरोबर हवी, कारण पुढच्या कटला कुणाची नजर कुठे जुळते हे त्यावर ठरतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून, रेखाटन पाळायला लावणाऱ्या कंट्रोलनेटच्या स्क्रिबलमध्ये घातला. जोर ०.६ ठेवला. एकपर्यंत नेला तर माझ्या वेड्यावाकड्या रेघा बसच्या पत्र्याला पोचे म्हणून उतरतात.

लोरा बंद. वर्णन साधं: सडपातळ माणूस, फिकट पिवळा शर्ट, खांद्याला तपकिरी झोळी, रात्रीचा बसस्टँड, पाऊस. चार चित्रं काढली, त्यातलं दुसरं घेतलं. लोरा बंद असल्याचा एक मोठा फायदा इथे दिसतो. लोरा लावून गर्दी काढली असती तर मागचे निम्मे प्रवासी नायकाचे भाऊ वाटले असते, कारण लोरा `man` या शब्दालाही आपल्याकडे ओढतो. हे टाळायला लोक ट्रेनिंगमध्ये इतर माणसांचे शंभरेक फोटो मिसळतात. ते योग्यच आहे, पण त्याने ट्रेनिंगचा वेळ जवळपास दुप्पट होतो, आणि या पद्धतीत मला त्याची गरज पडत नाही.

मग तेच चित्र इनपेंटमध्ये. डोकं आणि मान ब्रशने झाकली, कानांच्या बाहेर थोडी जास्तच, म्हणजे केसांना जागा मिळते. `Inpaint area` मध्ये `Only masked`, आकार १०२४ बाय १०२४. आता मशीन डोक्याभोवतीचा साधारण २०० पिक्सेलचा चौकोन कापून १०२४ चा करतं, त्यात चेहरा काढतं आणि परत लहान करून जागेवर बसवतं. ७० पिक्सेलचं डोकं त्या वेळेपुरतं साडेतीनशेचं होतं. नऊ घरांच्या जागी पंचेचाळीस घरं मिळाली. लोराचा जोर ०.८, `Denoising strength` ०.४५. वर्णन इतकंच:

```
vkrm man, head turned right, looking away, mouth closed, tired, wet hair, night, sodium street light <lora:vkrm-07:0.8>
```

इथे बस, स्टँड, गर्दी यांचा उल्लेख नाही, आणि तो नसायलाच हवा. हा चौकोन म्हणजेच आख्खं चित्र असं मॉडेल समजतं. तुम्ही बसस्टँड लिहिलात की ते त्याच चौकोनात एक इवलासा बसस्टँड काढायला बघतं, आणि गालावर खिडक्या उगवतात. प्रकाश मात्र लिहावा लागतो, नाहीतर पावसाळी रात्रीत फोटोशूटमधला उजळ चेहरा डकवल्यासारखा दिसतो.

०.४५ हा आकडा दोन चुकांच्या मधला आहे. ०.३ ला आधीचाच परका चेहरा थोडा मवाळ होऊन राहतो. ०.६ च्या वर गेलं की डोकं हवं तसं फिरतं, मान मोडल्यासारखी दिसते, आणि रेखाटनात जपलेली नजर गेली. सुरुवातीच्या डोक्याचा कल बरोबर असेल तर ०.४५ ते ०.५ मध्ये काम होतं. होत नसेल तर आकडा चढवत बसू नका, मागे जाऊन दुसरी चौकट निवडा.

यालाही मर्यादा आहे. माणूस २०० पिक्सेलचाच असेल, म्हणजे डोकं तिसाच्या आत, तर चेहऱ्याच्या नादी लागू नका. मोठं करून सुंदर चेहरा काढाल, पण परत लहान केल्यावर त्यातलं काहीच उरत नाही. तिथे पिवळा शर्ट आणि झोळी बोलू दे. क्लोजअपला हे काही करायची गरज नाही, तिथे लोरा पहिल्यापासून लावा. मिड शॉटला दोन्ही करून बघा.

एका चौकटीत दोन नट असले की हीच पद्धत आणखी उपयोगी पडते. आई आणि मुलगा, दोघांचे लोरा एकदम लावले तर आईला मुलाची मिशी येते, नाहीतर मुलगा पन्नाशीचा दिसतो. दोघांचे चेहरे अनोळखी ठेवून चौकट करा. मग एकाचं डोकं झाकून त्याचा लोरा, तो काढून दुसऱ्याचा. चेहरे एकमेकांना टेकलेले असतील, मिठीत वगैरे, तर कधी कधी हेही जमत नाही. ते पॅनेल मी हाताने काढतो.

कपड्यांचं थोडक्यात: चौकड्यांचा, पट्ट्यांचा, छापील शर्ट बोर्डमध्ये घेऊ नका. शब्दांतून चौकडा प्रत्येक वेळी वेगळा येतो. एकरंगी शर्ट घ्या, आणि रंगाचं नाव चाळीसही पॅनेलमध्ये अक्षरशः तेच लिहा. आज ‘फिकट पिवळा’ आणि उद्या ‘क्रीम’ असं करू नका.

माझा सर्वात ठाम सल्ला मात्र हा, की बोर्ड फोटोसारखा ठेवूच नका. सगळी पॅनेल शेवटी करड्या छटांत आणि रेघांत उतरवा. मी चित्र रंगहीन करतो, कडांची रेघ वर घेतो आणि छटा चारावर आणतो. त्वचेतले आणि कापडातले पॅनेलागणिक बदलणारे बारकावे त्यात गळून पडतात आणि माणूस जास्तच तोच वाटू लागतो. दुसरं कारण सेटवरचं आहे. एका जाहिरातीला मी फोटोसारखा रंगीत बोर्ड दिला होता. ग्राहकाने त्यातली खिडकीतली सोनेरी तिरीप मनात धरली, आणि आमचं चित्रीकरण होतं बंद गोदामात. छायालेखिकेने बिचारीने दोन तास त्या तिरिपीसाठी घालवले, जी मी ठरवून काढलेलीच नव्हती, मशीनने आपसूक दिली होती. बोर्डाने चौकट, हालचाल आणि नजर सांगावी. प्रकाश हे तिचं काम आहे, आणि तिच्याआधी आपण ते ठरवून टाकू नये.

तुमची पॅनेल दहाच्या आत असती तर मी लोराच्या वाटेला जा म्हटलं नसतं. एकच फोटो संदर्भ म्हणून देऊन चालणाऱ्या पद्धती आहेत, आयपी-अ‍ॅडॉप्टर किंवा फ्लक्स कॉन्टेक्स्टसारख्या, आणि थोड्या पॅनेलना त्या पुरतात. चाळीसला, इतक्या कोनांतून, माझा भरवसा लोरावर आहे. मात्र दोन्हीकडे एक चूक सारखीच होते: सतरावं पॅनेल छान आलं म्हणून अठराव्याला संदर्भ म्हणून सतरावंच दिलं जातं, मग एकोणिसाव्याला अठरावं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा चेहरा दर वेळी जरासा सरकतो, जबडा रुंद होतो, नाक सरळ होतं, आणि शेजारशेजारची दोन पॅनेल बघताना काहीच कळत नाही. संदर्भ द्यायचा तो नेहमी मूळ फोटोचा, आणि तुलनाही मूळ फोटोशीच करायची.

तपासायला मी सगळी पॅनेल ए-फोर कागदावर नऊ-नऊ अशी छापतो आणि नटाला कधी न पाहिलेल्या माणसाला देतो. बहुतेक वेळा खालचे झेरॉक्सवाले काकाच असतात. त्यांना पहिल्या पानावरचा नायक दाखवायचा आणि विचारायचं, पुढच्या पानांवर हा कुठे कुठे आहे? ते जिथे अडखळतात तिथे खूण करतो. सतराव्या पॅनेलवर ते अडखळले नाहीत. तेविसाव्यावर अडखळले, आणि तिथे चेहरा उत्तम होता, फक्त झोळी उजव्या खांद्यावर गेली होती.

तर नट आला की आधी फोटो आणि वर्णनं नव्याने करा आणि तुमचा सध्याचा लोरा बाजूला ठेवा. तोवर थांबायची मात्र गरज नाही: लाँग शॉटच्या चौकटी लोरा न लावता आजच करायला घ्या, डोकी नंतर बसवता येतात. प्रत्येक फाइलच्या नावात पॅनेलचा क्रमांक, सीड आणि इपॉक लिहून ठेवा, म्हणजे आठ दिवसांनी दिग्दर्शकाने ‘सतरामध्ये तो उजवीकडे नको, बसकडे बघू दे’ म्हटलं, तर फक्त डोकं बदलावं लागेल.